मागे राहणाऱ्याची सही

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी बापूराव दुर्गे अंगणात बाज उलटी टाकून तिला नवी नवार भरत होते, आणि त्यांची मुलगी हर्षा दुसऱ्या टोकाला नवार ताणून धरत होती. पस्तीस वर्षं त्यांनी बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये काढली. मार्चमध्ये निवृत्त झाल्यापासून घरातली एकेक वस्तू खोलून पुन्हा जोडण्याचा त्यांनी सपाटा लावला होता. कुलर झाला, शिलाई मशीन झाली, आता बाजेची पाळी.

"त्या बाजेले काय झालं होतं?" स्वयंपाकघरातून रुखमाबाईंचा आवाज आला. "चांगली होती. यायले बसवत नाई म्हणून खोलली."

"मधात खड्डा पडला होता," बापूराव म्हणाले.

"खड्डा बाजेले नाई पडला. तुमी रोज एकाच जागी पडता."

हर्षा हसली. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात ती सहायक होती. तिथेच एका खोलीत भाड्याने राहायची आणि महिन्यातून दोनदा रविवारी घरी यायची. वय छत्तीस. लग्न केलं नव्हतं, आणि आता घरातही कुणी तो विषय काढत नव्हतं. पुस्तकं खूप वाचायची आणि बोलायची कमी.

"बाबा," ती जरा वेळाने म्हणाली, "पेन्शनचा बाँड कुठी ठेवला?"

"पेटीत."

"नॉमिनी आईच आहे ना त्यात?"

"तू नवार ताण. ढिली सोडून राह्यली."

"विचारलं फक्त."

"सारं बराबर आहे," बापूराव म्हणाले आणि नवारीची पट्टी आडव्या दोरीखालून काढून त्यांनी दातात धरली. तोंडात पट्टी असली की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

हर्षाने पुन्हा विचारलं नाही. विचारण्यामागे जे होतं ते तिला स्वतःलाही नीटसं आवडत नव्हतं.

एप्रिलमध्ये, निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर, प्रफुल घरी आला होता. तो विमा कंपनीचा एजंट. त्याचे वडील बापूरावांबरोबर मिलमध्ये होते, त्यामुळे त्याच्याशी बोलताना कुणी फारसा आडपडदा ठेवत नसे. पीएफच्या योजनेतली पेन्शन तीन हजारांच्याही आत बसत होती, आणि बापूरावांच्या मागे रुखमाबाईंना त्यातली निम्मीच मिळणार होती. म्हणून वीस लाख रुपये कंपनीत एकदाच भरायचे आणि जन्मभर महिन्याला पेन्शन घ्यायची, एवढं ठरलं होतं. प्रश्न होता तो कोणती घ्यायची याचा.

प्रफुलने दोन कागद समोर ठेवले. "काका, ही एकट्याची. महिन्याला दहा हजार नऊशेच्या आसपास. तुमी आहा तोवर चालू. तुमच्या मागं पेन्शन बंद, पण भरलेले वीस लाख जसेच्या तसे नॉमिनीले परत. अन् ही जोडीची. महिन्याला दहा हजार साडेसातशे. तुमच्या मागं तेवढीच पेन्शन काकूले, ती आहे तोवर. वीस लाख परत मिळतात, पण दोघंही गेल्यावर."

"दीडशे रुपयाचा फरक," बापूराव म्हणाले.

"तेवढाच. रक्कम परत नको म्हणाल तर जोडीचीच साडेअकरा हजाराच्या वर जाते, पण मंग मागं कोणाले काही राहत नाई."

रुखमाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी एवढंच ऐकलं की यांच्या मागं काकूला. "हे काय नाव काढता," त्या म्हणाल्या. "मी यायच्या मागं राह्यतच नाई. मी आधीच जाणार आहे. माहं नाव कुठी टाकू नका."

"पाह्य," बापूराव प्रफुलला म्हणाले, "आपल्या समाजानं दीक्षा घेतली त्याले सत्तर वर्षं होत आली, कुंकवाचे वेडे विचार घरातून गेले, पण हा एक काही निघत नाई. नवऱ्याच्या आधी जाचं."

"तुमी हसा. मी सही नाई करत."

बापूरावांना जोडीची हवी होती, हे हर्षाला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते तिच्याकडे बघत होते. घरात शिकलेली तीच. आणि तिने त्या दिवशी एक कागद घेऊन व्यवस्थित मांडून दाखवलं होतं की एकट्याची बरी. महिन्याला जास्त मिळतात, आणि समजा काही बरंवाईट झालंच, तर आईच्या हातात एकदम वीस लाख येतात. दवाखाना निघाला, घराचं काही निघालं, तर रक्कम हाताशी राहते. कंपनीत अडकून पडत नाही.

"रक्कम हाताशी राहीन," बापूराव सावकाश म्हणाले होते. "तुह्या आईच्या हाताशी."

"मी आहे ना," हर्षा म्हणाली होती.

तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त एक गोष्ट तिने सांगितली नव्हती. चंद्रपूरला मूल रोडच्या बाजूने एक प्लॉट ती दोन वर्षांपासून बघत होती. दर महिन्याला त्याचा भाव वाढत होता आणि तिचा पगार होता तिथेच होता. आकडे मांडताना तिच्या मनात तो प्लॉट होता. बाबांच्या नंतर, कधीतरी, वीस वर्षांनी म्हणा, आई ते पैसे घेऊन काय करणार? आई कुणाला नाही म्हणत नाही. मागितले तर लगेच देईल. मग तिथे घर बांधू, आईला घेऊन राहू. विचार इतका सरळ होता की त्याला स्वार्थ म्हणावं की काळजी, हे तिला कळलं नाही. म्हणून तिने तो बोलून दाखवला नाही. बापूरावांनी एकट्याची घेतली.

दुपारी मटण भाकरी खाऊन झाल्यावर बापूरावांनी नव्या बाजेवर बसून बघितलं, मग रुखमाबाईंना बसवलं.

"आता?"

"आता गोट्यासारखी कडक झाली," त्या म्हणाल्या. "जा, पोरीची गाडी आहे."

बापूरावांनी तिला मोटारसायकलवरून स्टेशनला सोडलं. गोंदियाची पॅसेंजर लागलेलीच होती. ते खिडकीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी दोन दिवसाची सुट्टी काढून येजो. तुह्याशी बोलाचं आहे."

"काय?"

"येजो तर खरी. असं काई नाई."

गाडी हलली. सोमवारी सकाळी सहाला शेजाऱ्यांचा फोन आला. बापूराव पहाटे पाणी भरायला उठले, नळापाशी बसले आणि तिथेच आडवे झाले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, नातेवाईक आपापल्या गावी गेले, आणि घरात दोघीच उरल्या. हर्षाने रजा वाढवून घेतली होती. ती आईशी बोलायची ते औषधाचं, जेवणाचं, कोण आलं होतं आणि कोण आलं नाही याचं. रडणं तिला येत नव्हतं. सकाळी उठून ती बाबांच्या चपला दारातून उचलायची आणि दुपारी रुखमाबाई त्या पुन्हा दारात ठेवायच्या.

विसाव्या दिवशी ती म्हणाली, "आई, चंद्रपूरले जाऊन येऊ. कंपनीच्या ऑफिसात. पैशाचा क्लेम टाकावा लागन."

"जाऊ," रुखमाबाई म्हणाल्या. "तू म्हणशील तसं."

पेटीत बाँड सापडला. लिफाफ्यासकट हर्षाने तो पिशवीत टाकला, त्यासोबत मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पासबुक. ती लिफाफा उघडून वाचणार होती, पण वरती बाबांचं नाव बघून तिने तो तसाच ठेवला.

शाखेत गर्दी नव्हती. पेन्शनचं काम बघणाऱ्या मडावी मॅडम होत्या, पन्नाशीच्या, बारीक चष्म्याच्या. त्यांनी बाँड उघडला, संगणकावर नंबर टाकला आणि मान वर केली.

"बापूराव गेले?" त्या म्हणाल्या. "अरे. मेमध्ये इथेच बसले होते."

"मेमध्ये?" हर्षा म्हणाली. "आम्ही एप्रिलमध्ये घेतली. प्रफुलकडून."

"ती परत केली त्यांनी. बाँड हातात पडल्यापासून तीस दिवसांत, नको असेल तर पॉलिसी परत करता येते. त्यांचा बाविसावा का तेविसावा दिवस होता. स्टँप ड्यूटी आणि एक हप्ता पेन्शनचा गेला होता तो वजा होऊन पैसे खात्यात आले, कमी पडलेले वरचे त्यांनी घातले आणि नवीन घेतली. ही बघा. जोडीची." त्यांनी बाँड हर्षाकडे वळवला. "त्यामुळे तुमचा क्लेम नाही येत, ताई. रक्कम आता नाही मिळणार. पेन्शन बंद होणार नाही, आजपासून काकूंच्या नावानं तेवढीच चालू. दाखला, ओळखपत्र आणि हा अर्ज भरून सही. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. वीस लाख त्यांच्या नंतर नॉमिनीला."

नॉमिनीच्या रकान्यात हर्षाचं नाव होतं.

तिने ते दोनदा वाचलं. आईची सोय झाली होती हे कळलं, आणि त्याच्या खालोखाल, तिच्या इच्छेविरुद्ध, एक बारीक निराशाही आली. ती निराशा तिने ओळखली. प्लॉटची होती. बाबांच्या विसाव्या दिवशी.

"त्यांनी का बदलली?" तिने विचारलं.

"मला विचारलं होतं त्यांनी, कोणती चांगली. मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. चांगली-वाईट नसते. मागे राहणाऱ्याचं स्वतःचं काय आहे, ते बघायचं. नवरा-बायको दोघांना नोकरीची पेन्शन असेल, तर एकट्याची घेऊन रक्कम पोरांना ठेवली तरी चालते. मागे राहणाऱ्याला महिन्याला बाहेरून काही येत नसेल, तर जोडीची. वीस लाख एकदम हातात आले तरी ते पुन्हा कुठेतरी गुंतवावेच लागतात, त्या दिवशी जो दर असेल त्या दराने, आणि एकटीनं. मग ते म्हणाले, हिच्या हातात पैसे ठेवले तर ती दुसऱ्या दिवशी कोणाले तरी देऊन बसते. मागितलं की नाही म्हणता येत नाही हिले. महिन्याचे महिन्याला आले तर निदान खाईन तरी." त्या रुखमाबाईंकडे बघून किंचित हसल्या. "काकू बाहेर बाकड्यावर होत्या तेव्हा. सहीला आत बोलावलं."

रुखमाबाईंनी पदर हनुवटीपाशी धरला होता.

"मले यायनं सांगतलं होतं," त्या म्हणाल्या, "का रुखमे, तू आधी गेली तर माही पेन्शन बंद व्हाले नको, म्हणून तुही सही पाह्यजे. मी म्हटलं, तशी असन तर करतो. तुमची सोय होऊन राह्यली तर करतो."

मडावी मॅडम म्हणाल्या, "त्यांनी खोटं नाही सांगितलं, काकू. तुम्ही आधी गेला असता तरी त्यांची चालू राहिली असती. अर्धंच सांगितलं."

"मंग सही कायची होती?"

"दोघांपैकी जो मागे राहील त्याची पेन्शन. तुम्ही दुसऱ्या नावाच्या."

रुखमाबाईंनी बाँडला जोडलेल्या अर्जावरच्या आपल्या सहीकडे बघितलं. चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची, एकेक अक्षर वेगळं ठेवून काढलेली सही. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे मी मागं राहीन असं मीच लिहून देल्लं."

"तसं नसतं, काकू."

"माह्याच हातानं. मे महिन्यात. अन् नोव्हेंबरात ते गेले." त्यांनी समोरचा अर्ज बोटांनी पुढे सरकवला. "हे पैसे मले नाई पाह्यजे. मी सही नाई करत."

त्या उठल्या आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसल्या, बहुधा त्याच बाकड्यावर. हर्षाने मडावी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "घाई नाही. पण सही त्यांचीच लागेल. दुसऱ्या कुणाची चालत नाही."

हर्षा बाहेर आली. आईशेजारी बसली. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते आणि त्यांची काळी धूळ समोरच्या पानठेल्याच्या पडद्यावर बसत होती. पानठेल्यावर दोन माणसं कोणाच्या तरी लग्नाच्या जेवणाला नावं ठेवत होती.

आधी तिने शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. बाबांच्या हृदयाची नस बंद होती, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. कागद काही ठरवत नाही. कंपनीकडे लाखो लोकांच्या अशा सह्या असतात. दर महिन्याला दहा हजार साडेसातशे नसतील तर पीएफच्या निम्म्या पेन्शनवर गॅसचं सिलेंडर आणि लाइटचं बिल झालं की संपलं. रुखमाबाई मान हलवत राहिल्या. त्या सगळं ऐकत होत्या आणि त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"तू शिकलेली आहे," त्या म्हणाल्या. "तुले नाई वाटत. मी रोज म्हणत होतो, मी आधी जाईन, मी आधी जाईन. अन् एक दिवस कोणी कागद पुढं केला तर मी वाचलं नाई, विचारलं नाई, नाव लिहून मोकळी झालो. ते सहीकडे पाहून हसले होते. मले वाटलं, अक्षराले हसून राह्यले."

"ते तुले फसवाले नाई हसले, आई."

"मंग?"

हर्षाजवळ उत्तर होतं. ते उत्तर दिलं तर आईच्या मनातलं ओझं उतरणार होतं, आणि ते तिच्या स्वतःच्या अंगावर येणार होतं. आणखी एक गोष्ट होती: खिडकीपाशी उभे असलेले बाबा म्हणाले होते, तुझ्याशी बोलायचं आहे. ते हेच बोलणार होते की दुसरंच काही, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. त्यांना प्लॉटचं ठाऊक होतं का? नसेलही. फक्त आईच्या हाताचं ठाऊक होतं. पण ज्या दिवशी तिने कागदावर आकडे मांडले त्या दिवशी ते तिच्याकडे बघत होते, आणि 'तुझ्या आईच्या हाताशी' हे त्यांनी फार सावकाश म्हटलं होतं. मुलीच्या तोंडावर ते नाही म्हणाले नाहीत. नंतर एकटेच ट्रेनने चंद्रपूरला गेले असतील, पहिली पॉलिसी परत करून आले असतील, मग आईला नवी साडी नेसवून घेऊन आले असतील. मे महिन्याच्या उन्हात.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, पण तोंड वळवलं नाही.

"आई, इकडं पाह्य. बाबानं पहिले एकट्याची घेतली होती, ते माह्यामुळं. त्यायले जोडीचीच पाह्यजे होती. मीच म्हटलं एकट्याची घ्या, आईच्या हाती रक्कम येईन."

"मंग काय झालं. तुह्या मनात माहं चांगलंच होतं."

"नाई. तेच सांगून राह्यली तुले." तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला. नखाशी हळद होती. "मले चंद्रपूरले प्लॉट घ्याचा होता. मी मनात धरलं होतं का बाबाच्या मागं ते पैसे तुह्याकडं येतीन, मी मागीन, अन् तू देशील. तू नाई म्हणलीच नसती. बाबाले मी कधी सांगतलं नाई. तुले नाई. कोणालेच नाई. त्यायनं ती पॉलिसी वापस केली ते माही चूक निस्तराले केली, अन् तुह्याशी अर्धं बोलले ते मले उघडं पाडाचं नव्हतं म्हणून. असंच असन, असं मले वाटते. तुह्या सहीनं ते नाई गेले, आई. तुह्या सहीनं फक्त तू माह्यापासून वाचली. मले ते पैसे पाह्यजे होते. बाबा जिवंत असताना मले ते पैसे पाह्यजे होते."